एकच प्रेस, एकच महिना, तरी उपलब्धता ९८% की ९०%?

प्रेसशॉप

नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक हायड्रॉलिक प्रेस आहे. गेल्या महिन्याची तिची उपलब्धता मेंटेनन्सने ९८.०% काढली आणि प्रॉडक्शनने ९०.२%. सूत्र दोघांचं एकच: सरासरी चालण्याचा वेळ भागिले (सरासरी चालण्याचा वेळ + सरासरी दुरुस्तीचा वेळ). आकडे दोघांनीही एकाच लॉगबुकातून घेतले आहेत. सोमवारच्या बैठकीत दोन्ही कागद एकाच टेबलावर येणार आणि मधे मी बसणार.

लॉगबुक असं आहे. दोन पाळ्या, रोज १६ तास, २५ दिवस, म्हणजे नियोजित ४०० तास. ब्रेकडाऊन पाच:

११२ तास चालल्यावर होज फुटला. प्रेस ३ तास बंद, त्यात हातात पाना धरून काम १ तास.
पुढे १५ तासांनी लिमिट स्विच. बंद १ तास, काम अर्धा तास.
मग ९८ तासांनी सिलिंडरचं सील. बंद ६ तास, काम ३ तास.
मग १३ तासांनी सोलेनॉइड व्हॉल्वची कॉइल. बंद २ तास, काम अर्धा तास.
मग ९० तासांनी पंप-मोटरमधलं कपलिंग. पाळीच्या हिशोबाने बंद २० तास, काम ३ तास. पार्ट बाहेरून यायचा होता. मधली रात्र धरली तर घड्याळाने २८ तास.
त्यानंतर महिनाअखेरपर्यंत ४० तास बिनतक्रार.

कोण बरोबर?

सर्व्हरवाली

९०?? आमच्याकडे ९९.९ च्या खाली गेलं तर ग्राहकाला पैसे परत द्यावे लागतात. ९९.९ म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. तुमची प्रेस एका कपलिंगसाठी त्याच्या दुपटीहून जास्त वेळ पडून होती. जोडीला दुसरी प्रेस ठेवा आणि एक पडली की काम आपोआप दुसरीवर वळवा.

प्रेसशॉप

ताई, प्रेस वीस टनांची आहे आणि तिच्यातला डाय बदलायलाच अर्धी पाळी जाते. आपोआप काही वळत नाही. :) प्रश्न एवढाच आहे की ९८ आणि ९० यांतला खरा आकडा कोणता.

नटबोल्ट

मेंटेनन्सवाले बरोबर आहेत. एमटीबीएफ म्हणजे एका बिघाडापासून दुसऱ्या बिघाडापर्यंतचा वेळ. ४०० तासांत ५ बिघाड, म्हणजे ८० तास. दुरुस्तीचं काम एकूण ८ तास, भागिले ५ म्हणजे १.६. आता ८० भागिले ८१.६ = ९८.०%. पार्ट उशिरा आला यात फिटरचा काय दोष? तो वेळ खरेदी विभागाच्या नावावर टाका.

जुना_फिटर

नटबोल्टराव, अर्धं बरोबर बोललात. बिघाड ते बिघाड ८० तास हे खरं. पण त्या ८० तासांत प्रेस बंद असलेला वेळही आलेला आहे, कारण ४०० मध्ये तो आहेच. सूत्राच्या छेदात तुम्ही दुरुस्तीचा वेळ पुन्हा मिळवता, म्हणजे तो दोनदा मोजला गेला. सूत्रात वर जो आकडा बसतो तो फक्त *चालण्याचा* असायला हवा.

प्रेस एकूण किती बंद होती? ३ + १ + ६ + २ + २० = ३२ तास. चालली ३६८ तास. भागिले ५ म्हणजे सरासरी चाल ७३.६ तास. सरासरी बंद वेळ ३२ भागिले ५ म्हणजे ६.४ तास. दोन्हींची बेरीज बरोबर ८०. तोच तुमचा बिघाड ते बिघाड. ७३.६ भागिले ८० = ९२%.

पडताळा सोपा आहे. ३६८ भागिले ४०० किती? तेही ९२%. सूत्राने आणि थेट भागाकाराने एकच उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर कुठेतरी दोन वेगवेगळ्या जातीचे तास एकत्र झालेत असं समजायचं. मेंटेनन्सचा ९८ या पडताळ्यात टिकत नाही. ४०० तासांचे ९८ टक्के ३९२ होतात, आणि प्रेस ३९२ तास चालली असं तुमच्या लॉगबुकात कुठेही नाही.

प्रेसशॉप

काका, मग प्रॉडक्शनचा ९०.२ कुठून आला? त्यांनी तर चाल ७३.६ च धरली होती.

जुना_फिटर

कपलिंगच्या बंद वेळात त्यांनी २० च्या जागी २८ टाकले असणार. मग एकूण ४०, सरासरी ८, आणि ७३.६ भागिले ८१.६ = ९०.२. बघा, जुळलं.

चालण्याचे तास मोजताना रात्रीचे ८ तास सोडून द्यायचे, कारण तिसरी पाळी नाही. आणि बंद वेळ मोजताना तेच ८ तास आत घ्यायचे. असं चालत नाही. त्या रात्री प्रेस ठणठणीत असती तरी ती उभीच राहिली असती. पाळीचं घड्याळ धरलंत तर दोन्हीकडे पाळीचं धरा.

याची उलटी बाजूही सांगून ठेवतो. पार्ट रात्री हाताशी असता आणि फिटरने रात्रीतून कपलिंग बसवलं असतं, तर त्या रात्रीचे तास प्रॉडक्शनच्या हिशोबात शून्य झाले असते. बऱ्याच ठिकाणी मोठी कामं पाळी संपल्यावर काढतात ती याचसाठी. तिथे फिटर राबतो सहा तास आणि उपलब्धता एक टिंबही हलत नाही.

रकाना

मी एक्सेलमध्ये प्रत्येक ब्रेकडाऊनची वेगळी टक्केवारी काढली. ११२ भागिले ११५, १५ भागिले १६ असं करत पाचही. त्यांची सरासरी ९०.८% येते. म्हणजे प्रॉडक्शनचा आकडाच जवळचा ठरतो ना?

अंदाजपंचे

योगायोग. टक्क्यांची अशी सरासरी काढता येत नाही, कारण प्रत्येक टक्क्यामागचे तास वेगळे आहेत. १५ तास चालून १ तास बंद या तुकड्याला तुम्ही ९० तास चालून २० तास बंद या तुकड्याइतकंच वजन दिलंत.

तुमच्या आकड्यांत हा फरक झाकला गेलाय म्हणून टोकाचं उदाहरण घेते. मशीन २ तास चाललं आणि २ तास बंद पडलं: ५०%. मग २९४ तास चाललं आणि २ तास बंद: ९९.३%. तुमच्या पद्धतीने सरासरी ७४.७%. प्रत्यक्षात ३०० तासांपैकी २९६ तास मशीन चालू होतं, म्हणजे ९८.७%. आधी तासांची बेरीज, मग भागाकार. आठवड्याच्या टक्केवाऱ्यांवरून महिन्याची काढतानाही हाच नियम. फक्त सगळ्या आठवड्यांचे नियोजित तास सारखे असतील तर सरळ सरासरी चालते.

शिवाय तुम्ही शेवटचे ४० तास सोडलेत.

रकाना

पण त्या ४० तासांच्या शेवटी बिघाड झालाच नाही. मग तो तुकडा अर्धवट नाही का? अर्धवट तुकडा कसा धरायचा?

अंदाजपंचे

तुकडा अर्धवट आहे, पण तास पूर्ण आहेत. प्रेस ते ४० तास खरोखर चालली. ते टाकून दिले तर चाल ३२८ भागिले ५, म्हणजे ६५.६ होते आणि चांगल्या चालीचा पुरावा आपण आपल्याच हाताने पुसतो. नेहमी एकूण चाललेले तास भागिले एकूण बिघाड. एखाद्या महिन्यात एकच बिघाड पहिल्या दिवशी झाला आणि नंतर महिनाभर मशीन सुरळीत चाललं, तर तुमच्या पद्धतीने त्या मशीनची सरासरी चाल काही तासांची ठरेल!

नटबोल्ट

दोनदा मोजल्याचा मुद्दा मान्य. पण वाट पाहण्याच्या वेळेवर मी ठाम आहे. १.६ हा फिटरचा खरा आकडा. ७३.६ भागिले ७५.२ केलं तरी ९७.९ येतात. मेंटेनन्सचं मूल्यमापन ६.४ वर करणं अन्याय आहे.

जुना_फिटर

मूल्यमापनाचा प्रश्न वेगळा. ९७.९ हा आकडा चुकीचा नाही. तो सांगतो की पार्ट, माणूस आणि हत्यार त्याच क्षणी शेजारी असते तर ही प्रेस किती उपलब्ध राहिली असती. प्रेस विकणारा नेहमी हाच आकडा दाखवतो, कारण तुमचं स्टोअर कसं चालतं याची जबाबदारी तो कशाला घेईल. पण महिन्याला किती माल निघेल हे तुम्हाला त्यावरून कळणार नाही. त्यासाठी ९२.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि मधल्या सहा टक्क्यांकडे बघा. ३२ तासांपैकी ८ तास काम आणि २४ तास वाट पाहणं. त्या २४ पैकी १७ एकट्या कपलिंगचे. हे बैठकीत दाखवलंत तर मेंटेनन्सची बाजू ९८ च्या कागदापेक्षा जास्त भक्कम होईल.

प्रेसशॉप

हे पटलं. बाकीचे ७ तास कुठे गेले तेही सांगतो. होजच्या वेळी २ तास, कारण तयार होज नव्हता, कापून क्रिम्प करून आणावा लागला. सीलच्या वेळी ३ तास, त्यात निम्मा वेळ सिलिंडर उचलायला क्रेन मिळण्यात गेला. कॉइलच्या वेळी दीड तास, इलेक्ट्रिशियन दुसऱ्या मशीनवर होता. लिमिट स्विचच्या वेळी अर्धा.

समजा कपलिंग स्टोअरमध्ये असतं, तर?

जुना_फिटर

काम ३ तास आणि स्टोअरमधून काढणं, परवाना, फिटर पोचणं याला १ धरा. २० च्या जागी ४. एकूण बंद वेळ १६ तास, चाल ३८४, उपलब्धता ९६%.

आता हेच ९६ दुसऱ्या बाजूने गाठायचं म्हटलं, म्हणजे दुरुस्तीचा सरासरी वेळ ६.४ च ठेवून, तर सरासरी चाल १५३.६ तासांवर न्यावी लागेल. म्हणजे महिन्याला ५ च्या जागी अडीच बिघाड. बिघाड निम्मे करायचे तर तेलाची स्वच्छता, होज बदलण्याचं वेळापत्रक, सील सगळं धरावं लागतं. करायला हवंच, पण त्याला वर्ष जातं. कपलिंग मागवायला एक कागद लागतो.

दुसरी_पाळी

मी अशाच प्रेसवर ऑपरेटर आहे. हे सगळं वाचून हसू आलं, कारण लॉगबुकात येतं ते फक्त फिटर बोलावलेलं. गार्ड नीट बसत नाही, सेन्सरवर तेल उडतं, पुसून पुन्हा सुरू करतो. तीन-तीन मिनिटांच्या अशा किती अडचणी होतात, कोण लिहितो?

अंदाजपंचे

दुसरी_पाळी, महिन्याला अशा ४० धरल्या तर होतात २ तास. उपलब्धता ९२ वरून ९१.५ वर येईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण सरासरी चाल ३६६ भागिले ४५, म्हणजे ७३.६ वरून थेट ८.१ तासांवर आपटेल. सरासरी दुरुस्ती पाऊण तासाच्या आसपास येईल. एकाच प्रेसचं एकदम वेगळं चित्र.

त्यामुळे 'आमचा एमटीबीएफ अमुक तास' असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, किती मिनिटांच्या वरचा थांबा तुम्ही बिघाड म्हणून लिहिता. त्याशिवाय दोन कारखान्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

आणि प्रेसशॉप, ६.४ तास हा आकडा सुपरवायझरला 'किती वेळात सुरू होईल' याचं उत्तर म्हणून देऊ नका. तुमचे पाच थांबे १, २, ३, ६, २०. पाचांतले चार सरासरीच्या खाली आणि एक तिच्या तिप्पट. दुरुस्तीचे वेळ बहुतेक असेच पसरतात. उपलब्धतेच्या सूत्राला सरासरीच लागते, कारण त्यात बेरीज महत्त्वाची. पण त्या क्षणी थांबलेल्या माणसाला मधला आकडा, म्हणजे ३, जास्त उपयोगी.

सेक्रेटरी_बी_विंग

चर्चा चांगली चालली आहे, मधेच घुसतो. आमच्या इमारतीला डिझेल जनरेटर आहे. वर्षभरात जेमतेम ४० तास चालला असेल, चालताना एकदाही बंद पडला नाही. दुरुस्तीचा वेळ शून्य. म्हणजे या सूत्राने १००% ना? मग परवा वीज गेली तेव्हा तो सुरूच का झाला नाही? बॅटरी उतरली होती म्हणे.

जुना_फिटर

सेक्रेटरीसाहेब, तुमच्या यंत्राला हे सूत्र असं लावता येत नाही. प्रेस बंद पडली की त्याच क्षणी सगळ्यांना कळतं. तुमचा जनरेटर उभ्या उभ्या बिघडतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. बॅटरी कदाचित तीन आठवड्यांपूर्वीच गेली असेल. त्या तीन आठवड्यांत तो अनुपलब्धच होता.

इथे दुरुस्तीच्या वेळेपेक्षा बिघाड लपून राहण्याचा वेळ मोठा. समजा महिन्यातून एकदा चालवून बघता आणि असा बिघाड सरासरी ६०० दिवसांतून एकदा होतो. बिघाड दोन चाचण्यांच्या मधे कधीही होऊ शकतो, म्हणून तो सरासरी १५ दिवस लपून राहतो. १५ भागिले ६००, म्हणजे ढोबळमानाने अडीच टक्के वेळ तो मेलेला आहे, भले नवी बॅटरी बसवायला अर्धाच तास लागो. दर आठवड्याला चालवून बघितलात तर लपण्याचा वेळ साडेतीन दिवस आणि अनुपलब्धता ०.६ टक्क्यांच्या आसपास.

फक्त चाचणी म्हणजे खरोखर सुरू करून लोडवर घेणं. पॅनेलवरचा हिरवा दिवा बघणं ही चाचणी नव्हे.

सेक्रेटरी_बी_विंग

लोडवर घ्यायचा म्हणजे लिफ्ट मिनिटभर बंद होणार आणि मला वीस फोन येणार. बघतो.

अंदाजपंचे

धाग्याकडे परत. प्रेसशॉप, बैठकीत ९२ म्हणाल, पुढच्या महिन्यात ८८ आला तर 'घसरण' म्हणून तुम्हाला धारेवर धरतील. ५ बिघाडांवरून काढलेली सरासरी फार डळमळीत असते. बिघाड अधूनमधून, कसलाही क्रम नसलेले होतात असं धरलं तर ३६८ तासांत ५ बिघाड यावरून खरी सरासरी चाल ३५ तासांपासून १८७ तासांपर्यंत कुठेही असू शकते. हा पट्टा मी ९०% खात्रीचा धरला आहे. काहीही न बदलता पुढच्या महिन्यात २ बिघाड होतील किंवा ९ होतील, आणि दोन्हींत आश्चर्य नाही.

उपलब्धतेचंही तसंच. या महिन्यात कपलिंग तुटलं नसतं तर ९७. एका घटनेने पाच टक्के खाल्ले. म्हणून मी निदान सहा महिन्यांची बेरीज एकत्र करून भागाकार करते, आणि शेजारी महिन्याचे आकडे फक्त माहितीसाठी ठेवते.

नटबोल्ट

सहा महिने थांबा म्हणायचं म्हणजे सहा महिने कुणी काही करायचं नाही असं होतं. टक्केवारी डळमळीत असेल, पण कपलिंग तुटलं हे डळमळीत नाही. ते का तुटलं हे कुणी विचारलंच नाही इथे. स्टोअरमध्ये एक ठेवाल, तेही तुटेल.

जुना_फिटर

हा प्रश्न एकदम बरोबर. प्रेसशॉप, मधला रबरी स्पायडर फाटला होता की हबच्या दाढा तुटल्या होत्या? आणि बेल हाउसिंगच्या तळाशी काळी भुकटी होती का?

प्रेसशॉप

स्पायडरचे तुकडे झाले होते आणि मोटरकडच्या हबच्या दोन दाढा गेल्या होत्या. म्हणूनच नुसता स्पायडर चालला नाही, पूर्ण कपलिंग लागलं. भुकटी भरपूर होती. ऑपरेटर म्हणतो दोन-तीन आठवड्यांपासून सुरू करताना खडखड यायची.

जुना_फिटर

मग ते एका दिवसात तुटलेलं नाही. भुकटी आणि खडखड म्हणजे स्पायडर झिजून दाढा एकमेकींवर आपटायला लागल्या होत्या. दोन शक्यता: पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत नाहीत, किंवा बसवताना हबमधलं अंतर चुकलं आहे. बेल हाउसिंग असेल तर रेष बहुतेक ती स्वतः सांभाळते, पण बोल्ट सैल झाले किंवा बसायच्या कडेवर घाण राहिली तर तीही हलते. डायल लावून बघा, आणि हब शाफ्टवर सरकला आहे का तेही. ग्रब स्क्रू सैल असतो पुष्कळदा.

खडखड ऐकली त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी पंचवीस मिनिटांत स्पायडर बदलता आला असता आणि २० तासांची नोंद लॉगबुकात आलीच नसती. खडखड कुठे लिहायची याला मात्र लॉगबुकात रकाना नसतो.

रकाना

हा टोमणा मला होता का? :)

त्यावरून एक खराच प्रश्न. सुट्टीच्या दिवशी स्पायडर बदलला तर तो वेळ ४०० तासांच्या बाहेर. समजा तोच पाळीच्या वेळेत ठरवून बदलला, प्रेस अर्धा तास ठरवून बंद ठेवली. तो अर्धा तास बंद वेळेत धरायचा की ४०० मधून वजा करायचा?

नटबोल्ट

वजा. ठरवून थांबवलं म्हणजे बिघाड नव्हे.

अंदाजपंचे

मी धरते. प्रेस चालू शकत नव्हती, माल निघत नव्हता. वजा करायला परवानगी दिली की हळूहळू प्रत्येक बिघाडाच्या आदल्या दिवशी एक 'ठरवलेला' थांबा लिहिला जातो आणि उपलब्धता ९९ वर पोचते. मशीन मात्र आहे तिथेच.

नटबोल्ट

आणि धरलंत तर उलटं होतं. मेंटेनन्सवाला टक्के वाचवायला ठरवलेली कामं पुढे ढकलतो, मग सील फुटल्यावरच बदललं जातं.

जुना_फिटर

दोन्ही मी पाहिलेलं आहे. करारात लिहिलं असेल ते धरा. करार नसेल तर दोन वेगळ्या ओळी लिहा, अचानक बंद आणि ठरवून बंद, आणि बैठकीत भांडू द्या.

प्रेसशॉप

ठरवून बंद ही ओळ वेगळी टाकतो. कोणत्या बाजूने मोजायची ते वरचे ठरवतील. कपलिंगचा सुटा नग मागितला तर स्टोअर म्हणालं, 'दोन वर्षांत एकदा लागणारा नग ठेवत नाही.'

जुना_फिटर

मग पूर्ण नग राहू द्या, स्पायडर मागा. तो मुठीएवढा असतो, त्याला कोण नाही म्हणणार? रेष नीट केलीत आणि खडखड ऐकू आल्या आल्या स्पायडर बदललात तर हब सहसा तुटत नाही. होजसाठीही तेच. त्या प्रेसवर दोन-तीन लांबीचे होज सर्वांत जास्त फुटत असतील, तेवढे क्रिम्प करून टांगून ठेवा, ते २ तास गेले.

दुसरी_पाळी

प्रेसशॉप, एक विचारतो. ३६८ तास तुम्ही लॉगबुकातून काढलेत की प्रेसवरच्या अवर मीटरवरून? आमचा मीटर भलतंच दाखवतो.

प्रेसशॉप

लॉगबुकातून. मीटर आत्ता बघून आलो. महिन्याच्या सुरुवातीच्या नोंदीपासून ३७१ तास पुढे गेलाय. तीन तासांचा फरक.

दुसरी_पाळी

मीटर मोटरच्या कॉन्टॅक्टरला जोडलेला असेल. लिमिट स्विच गेला तेव्हा आणि कॉइल गेली तेव्हा मोटर बंद केली होती का?

प्रेसशॉप

विचारलं. दोन्ही वेळा पंप फिरतच होता, फक्त रॅम हलत नव्हता. १ आणि २, बरोबर ३ तास. म्हणजे मीटर धरला असता तर हे दोन थांबे 'चालू' मध्ये गेले असते. इलेक्ट्रिशियनला विचारतो, मीटर रॅमच्या सायकलवर घेता येईल का. नाहीतर पीएलसीमधून मोजायचं.

जुना_फिटर

पीएलसीमधून घेणार असाल तर आधी हे ठरवा की रॅम किती मिनिटं हलला नाही म्हणजे प्रेस बंद धरायची. डाय बदलताना रॅम अर्धी पाळी हलत नाही, आणि तो बिघाड नाही.